राउंड रॉबिनचा वेटिंग टाइम एफसीएफएसपेक्षा जास्त येतोय. मग तो वापरायचा कशासाठी?

मृण्मयी_२

सेकंड इयर कॉम्प्युटरला आहे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या सराव-संचातलं एक गणित सोडवताना दोन ठिकाणी अडले आहे. सीपीयू एकच आहे आणि प्रोसेस चार:

```
प्रोसेस   कधी आली   बर्स्ट
अ         ०         ६
ब         १         ३
क         २         ५
ड         ४         २
```

मी काढलेले गँट चार्ट खाली देते. राउंड रॉबिनला क्वांटम २ दिलाय.

```
एफसीएफएस      ०—अ—६—ब—९—क—१४—ड—१६
एसजेएफ        ०—अ—६—ड—८—ब—११—क—१६
एसआरटीएफ      ०—अ—१—ब—४—ड—६—अ—११—क—१६
राउंड रॉबिन    ०—अ—२—ब—४—क—६—अ—८—ड—१०—ब—११—क—१३—अ—१५—क—१६
```

सरासरी वेटिंग टाइम अनुक्रमे ५.५, ४.५, ३.५ आणि ७.२५ आला. टर्नअराउंड ९.५, ८.५, ७.५ आणि ११.२५.

पहिली अडचण म्हणजे उत्तरात राउंड रॉबिनचा वेटिंग टाइम ६.५ दिलाय. मी तीनदा तपासलं, माझा ७.२५च येतो. माझ्या मित्राने प्रोग्राम लिहून काढला तर त्याचा चक्क ७ आला.

दुसरी अडचण जास्त छळतेय. ६.५ धरा नाहीतर ७.२५ धरा, दोन्ही एफसीएफएसच्या ५.५पेक्षा वाईटच आहेत. वर्गात तर राउंड रॉबिन हा सुधारलेला मार्ग म्हणून शिकवला. सगळ्यांना थांबवून थांबवून चालवायचं आणि सरासरी वाढवायची, यात सुधारणा कुठे आहे?

ओंकार_डी

क्वांटम लहान कर. २ हा या आकड्यांना मोठा आहे. १ केलास की सगळ्यांचा नंबर लवकर लागेल आणि वेटिंग आपोआप कमी होईल. राउंड रॉबिनमध्ये सगळा खेळ क्वांटमचा आहे.

विनायक_जोगळेकर

चांगला विषय काढलात. माझ्या लॅपटॉपवर टास्क मॅनेजर उघडला की सीपीयू कायम ९०च्या वर दिसतो आणि ब्राउझर उघडायला मिनिटभर लागतो. हे शेड्युलिंग बदलण्याची सोय सेटिंगमध्ये कुठे असते? बदललं तर मशीन फास्ट होईल का?

रेवती_के

विनायककाका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मृण्मयीच्याच चार्टात आहे. चारही ओळींचा शेवटचा आकडा बघा, सगळीकडे १६. काम १६ एककांचं आहे आणि सीपीयू एक, त्यामुळे क्रम कसाही लावा, शेवटचं काम १६लाच संपणार. शेड्युलर फक्त कुणी आधी आणि कुणी नंतर एवढंच ठरवतो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करून सगळ्यात वर कोण येतंय ते बघा आणि त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे नक्की मदत करते.

ओंकार, क्वांटम १ करून बघितलास का? मी आत्ता कागदावर केलं. नवीन आलेल्याला आधी रांगेत घेतलं तर असं होतं:

```
क्वांटम १   ०—अ—१—ब—२—अ—३—क—४—ब—५—अ—६—ड—७—क—८—ब—९—अ—१०—ड—११—क—१२—अ—१३—क—१४—अ—१५—क—१६
```

टर्नअराउंड अ १५, ब ८, क १४, ड ७. वेटिंगची सरासरी ७. म्हणजे ७.२५वरून ७ झाली, एफसीएफएसच्या ५.५ला शिवलीसुद्धा नाही.

मृण्मयी, तुझ्या दोन्ही प्रश्नांवर सविस्तर लिहिते, पण जेवून येते.

सुलभा_पाटणकर

मी पॉलिटेक्निकला हा विषय शिकवते. ६.५ आणि ७.२५ ही दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. भांडण एकाच क्षणाचं आहे.

मृण्मयी, वेळ २ला काय होतंय बघ. अचा क्वांटम त्याच क्षणी संपतो आणि क त्याच क्षणी येते. दोघींनाही रांगेच्या शेवटी जायचंय. तू कला आधी घेतलंस आणि अला तिच्यामागे ठेवलंस, म्हणून रांग ब, क, अ अशी झाली. संच काढणाऱ्याने अला आधी ठेवलं, त्याची रांग ब, अ, क. वेळ ४ला पुन्हा तोच पेच येतो, कारण ड तेव्हा येते आणि ब तेव्हाच सीपीयू सोडते. त्याचा चार्ट असा होतो:

```
०—अ—२—ब—४—अ—६—क—८—ब—९—ड—११—अ—१३—क—१६
```

टर्नअराउंड अ १३, ब ८, क १४, ड ७. बेरीज ४२, त्यातून एकूण बर्स्ट १६ वजा केले की २६, भागिले ४ म्हणजे ६.५.

मी पेपर तपासताना दोन्हींना पूर्ण मार्क देते, फक्त विद्यार्थ्याने वर एक ओळ लिहिलेली हवी: "एकाच वेळी आल्यास नवीन प्रोसेस आधी." ती ओळ नसेल आणि उत्तर वेगळं असेल तर तपासणाऱ्याला चार्ट पायरीपायरीने बघावा लागतो. गठ्ठा मोठा असला की सगळेच तेवढं बघत नाहीत. म्हणून ओळ लिहाच.

तेजस_एम

मृण्मयीचा प्रोग्रामवाला मित्र मीच. सुलभा मॅडम, तुमच्या दोन्ही नियमांत ७ बसत नाही. मग माझा ७ येतो कुठून? मुख्य भाग असा आहे:

```python
t += run
if p.left > 0:
    ready.append(p)
while i < n and jobs[i].arrival <= t:
    ready.append(jobs[i]); i += 1
```

जुनी आधी, नवीन नंतर, हाच तर उत्तरवाला नियम झाला ना?

रेवती_के

आले. आधी तेजस.

तुझ्या कोडमधून वेळ २ला रांग कशी तयार होते ते ओळीओळीने बघ. `if` आधी चालतो, म्हणून अ रांगेत पहिली. मग `while` चालतो आणि वेळ २पर्यंत आलेले सगळे आत घेतो, म्हणजे ब आणि क. रांग झाली अ, ब, क. पण ब तर वेळ १लाच आली होती. अ चालू असताना ती रांगेत उभी असायला हवी होती, आणि तुझ्या कोडने तिला दारातच थांबवलं. त्यामुळे अ लगेच पुन्हा चालते:

```
०—अ—४—ब—६—क—८—अ—१०—ड—१२—ब—१३—क—१६
```

टर्नअराउंड १०, १२, १४, ८. वेटिंगची सरासरी ७. ही चूक ओळखायची खूण म्हणजे रांगेत आधीपासून कुणी वाट बघत असताना तीच प्रोसेस लागोपाठ दोन क्वांटम चालली. असा चार्ट दिसला की रांगेत भरती कुठल्या क्रमाने होतेय ते आधी तपासायचं.

मृण्मयीचा नियम हवा असेल तर `while` आधी आणि `if` नंतर. संचाचा नियम हवा असेल तर तीन टप्पे लागतात. आधी `arrival < t` वाले, मग `p`, मग बरोबर `arrival == t` वाले. नुसती अदलाबदल करून ते साधत नाही.

मला माझ्या कामात नवीन-आधी हा नियम जास्त पटतो, कारण जी आली तिला एकदा तरी लवकर सीपीयू दिसतो. पण हा संकेत आहे, सिद्धांत नाही.

तेजस_एम

`while` वर घेतला, ७.२५ आला. तीन टप्पे केले, ६.५ आला. धन्यवाद ताई!

आप्पा_सांगली

आमच्याकडे दळणाच्या गिरणीत हे रोज बघायला मिळतं. गिरणीवाला दोन किलोचा डबा मधे घेतो आणि वीस किलोवाल्याला म्हणतो जरा थांबा. सगळ्यांचं मिळून थांबणं कमी होतं. म्हणजे एसजेएफच शहाणा आहे. राउंड रॉबिन लावला तर थोडी ज्वारी, थोडे गहू, पुन्हा ज्वारी, आणि दर वेळी गिरणी झाडायची.

रेवती_के

आप्पा, उदाहरण चपखल आहे, आणि त्यात दोन खऱ्या गोष्टी आहेत.

लहान काम आधी घेतल्याने फायदा का होतो, त्याचा हिशेब दोन ओळींचा आहे. ६चं काम पुढे आहे आणि २चं मागे. जागा बदलल्या तर लहान कामाचं थांबणं ६ने घटतं आणि मोठ्याचं फक्त २ने वाढतं. अशी जोडी जिथे दिसेल तिथे अदलाबदल करत गेलात की शेवटी लहानापासून मोठ्यापर्यंतचाच क्रम उरतो. सगळी कामं एकदमच आलेली असतील तर सरासरी वेटिंग याहून खाली जाऊच शकत नाही. मधे मधे येणार असतील तर तेच काम एसआरटीएफ करतो, म्हणून मृण्मयीकडे ३.५ सगळ्यात कमी आहे. त्यातही वेळ ६ला अ आणि क दोघींचे ५-५ उरलेत. तिने अ घेतली. क घेतली असती तरी सरासरी ३.५च राहिली असती, फक्त अचं थांबणं ५वरून १० झालं असतं आणि कचं ९वरून ४.

पण गिरणीवाल्याला डबा डोळ्यांनी दिसतो. सीपीयूला बर्स्ट दिसत नाही. प्रोसेस अजून किती चालणार आहे हे तिला स्वतःलाही माहीत नसतं. गणितात तो रकाना आयता भरून मिळतो, म्हणून एसआरटीएफ सोपा वाटतो.

दुसरी गोष्ट गिरणी झाडण्याची. ती खरी किंमत आहे आणि या गणितांत ती शून्य धरलेली असते. मृण्मयीच्या राउंड रॉबिनमध्ये नऊ तुकडे आहेत, म्हणजे आठ वेळा कॉन्टेक्स्ट स्विच. प्रत्येकाला अर्धं एकक लागतं असं धरून चार्ट पुन्हा काढला तर काम १६ऐवजी २०ला संपतं आणि सरासरी वेटिंग ७.२५वरून १०.२५ होतो. एफसीएफएसला तीनच स्विच, तो १७.५ला संपतो. खऱ्या मशीनवर स्विच क्वांटमच्या मानाने फारच छोटा असतो, अर्धं एकक मी फक्त परिणाम दिसावा म्हणून घेतलं. पण क्वांटम बारीक करत गेलात की हीच किंमत अंगावर येते.

मृण्मयी_२

पहिला प्रश्न सुटला, सुलभा मॅडम आणि रेवतीताई, मनापासून आभार. पण दुसरा तसाच आहे. तुम्ही तर राउंड रॉबिनची अजून एक उणी बाजू सांगितलीत!

ओंकार_डी

क्वांटम लहान करून भागत नसेल तर मोठा करू. आम्हाला एक ठोकताळा शिकवलाय, ८० टक्के बर्स्ट क्वांटमपेक्षा लहान असावेत. इथे क्वांटम ५ घेतला तर चारातल्या तीन प्रोसेस एका फेरीत संपतात. म्हणजे जवळपास तेवढंच.

सुलभा_पाटणकर

ओंकार, म्हणून ५ला काय येतं ते काढून बघितलं. नवीन-आधी नियमाने १पासून ६पर्यंत सगळे क्वांटम घेतले:

```
क्वांटम          १     २      ३      ४     ५      ६
सरासरी वेटिंग    ७     ७.२५   ६.२५   ७     ७.२५   ५.५
```

५ला पुन्हा ७.२५! कारण चार्टात दिसतं:

```
क्वांटम ५   ०—अ—५—ब—८—क—१३—ड—१५—अ—१६
```

अचं फक्त एक एकक उरलं होतं, आणि तेवढ्यासाठी ती ब, क, ड तिघींच्या मागे गेली. टर्नअराउंड १६. बाकीच्या तिघींना फायदा झाला प्रत्येकी एकाच एककाचा. क्वांटम ६ला अ एका दमात संपते आणि तो एफसीएफएसच होतो.

तुझा ठोकताळा चुकीचा नाही. तो शेकडो बर्स्टच्या वितरणावर लावायचा असतो. चार प्रोसेसच्या गणितात एखादा शेपटाचा तुकडा कुठे उरतो यावरच सगळं फिरतं. क्वांटम वाढवला की सरासरी सरळ घटत किंवा वाढत जाते, असं समजणारी मुलं मला दरवर्षी भेटतात. हा तक्ता आता मी वर्गातही दाखवणार आहे.

ओंकार_डी

हे वर-खाली होणं अपेक्षित नव्हतं. तरी मोठ्या डेटावर ठोकताळा टिकतो असं मी अजूनही म्हणेन.

निखिल_बॅच

मृण्मयीच्या दुसऱ्या प्रश्नावर माझ्या कामातला अनुभव सांगतो. आमच्याकडे रात्री रिपोर्ट बनवणारी एक रांग चालते. वर्कर एक, कामं आलेल्या क्रमाने. संध्याकाळी कुणीतरी तिमाही रिपोर्ट आधी टाकला की त्यामागे दोन-दोन मिनिटांची कामं अडकून बसतात आणि सगळ्यांचे फोन सुरू होतात. एकूण काम तेवढंच, पण चाळीस लोक एका रिपोर्टमागे उभे.

आम्ही लहान आधी हा क्रम लावला. वेळ कुठून आणायची? मागच्या वेळी किती लागला ते आणि आधीचा अंदाज यांची सरासरी. म्हणजे अंदाज २० मिनिटांचा होता आणि प्रत्यक्ष ४ लागली, तर पुढचा अंदाज १२. त्यानंतर प्रत्यक्ष २८ लागली, तर त्यापुढचा २०. महिनाअखेरीला हे हमखास फसतं, कारण आदल्या दिवसापर्यंत काम छोटं होतं आणि त्या दिवशी एकदम फुगतं. अंदाज छोटा म्हणून ते पुढे घुसतं आणि बाकीचे पुन्हा अडकतात. आता महिनाअखेरीचे अंदाज वेगळे ठेवतो.

राउंड रॉबिन मात्र आम्हाला अजिबात परवडला नसता. अर्धा रिपोर्ट कुणाच्याच कामाचा नसतो. तो पूर्ण होऊन हातात कधी पडतो, एवढंच आमच्या लोकांना हवं असतं.

रेवती_के

मृण्मयी, निखिलने शेवटी जे लिहिलंय तिथेच तुझं उत्तर आहे, दुसऱ्या बाजूने.

अर्ध्या कामाला किंमत नसेल तर टर्नअराउंड हेच माप, आणि तिथे राउंड रॉबिन हरतो. तुझा हिशेब त्याबाबत बरोबर आहे. पण प्रोसेस म्हणजे टर्मिनल किंवा एडिटर असेल, आणि समोर माणूस की दाबून बसला असेल, तर त्याला आपल्या कामाला हात कधी लागला याच्याशी मतलब असतो. तुझ्याच चार्टांवरून प्रत्येकीला पहिल्यांदा सीपीयू कधी मिळाला ते काढ:

```
                अ    ब    क    ड    सरासरी
एफसीएफएस        ०    ५    ७    १०   ५.५
एसआरटीएफ        ०    ०    ९    ०    २.२५
राउंड रॉबिन (२)  ०    १    २    ४    १.७५
```

वेटिंगमध्ये शेवटचा आलेला इथे पहिला आला, एसआरटीएफच्याही पुढे. वेळ वाटून घेण्याची कल्पना आली तीच मुळी यासाठी. एमआयटीत फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने नोव्हेंबर १९६१मध्ये सीटीएसएस चालवून दाखवली, तेव्हा एकाच मशीनवर अनेक जण टंकयंत्रासारख्या टर्मिनलसमोर बसलेले असणार हे गृहीत होतं. त्याआधी कार्डांचा गठ्ठा देऊन निकालाची वाट बघायची, तिथे टर्नअराउंड हे माप अगदी योग्य होतं.

आता टर्नअराउंडला बर्स्टने भाग. म्हणजे एकटी असती तर लागला असता त्याच्या किती पट वेळ लागला. एफसीएफएसमध्ये अ १ पट, ब २.७, क २.४ आणि बिचारी ड ६ पट. दोन एककांच्या कामाला बारा. राउंड रॉबिनमध्ये अ २.५, ब ३.३, क २.८, ड ३. म्हणजे सगळ्या तीनच्या आसपास. सरासरी वाईट आहे, पण कुणा एकीच्या डोक्यावर सगळा भार नाही. आणि हे बर्स्टचा रकाना न बघता साधलंय. एसआरटीएफ तो रकाना बघून खेळतो, म्हणून त्याच्याशी तुलना करताना ही सवलत लक्षात ठेवायची.

निखिल_बॅच

हे पटलं. मी तर पुढे जाऊन म्हणेन की सरासरी काढणंच बंद करावं. आमच्याकडे तक्रार सरासरीची येत नाही, सगळ्यात जास्त थांबलेल्याची येते. एसआरटीएफमध्ये क वेळ २ला आली आणि तिला पहिल्यांदा सीपीयू मिळाला ११ला. मधे दोन-दोन एककांच्या प्रोसेस येतच राहिल्या असत्या तर तिचा नंबर कधीच लागला नसता, आणि सरासरी तरीही छान दिसली असती.

सुलभा_पाटणकर

निखिल, सरासरी बंद करावी हे मला पटत नाही. एसजेएफ सगळ्यात कमी का, हे सिद्ध करता येतं ते सरासरीमुळेच. कमाल थांबण्यावर असा स्वच्छ हिशेब मुलांना दाखवता येत नाही. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहावेत, एवढं मान्य. आणि उपासमार टाळायला वाट बघणाऱ्याची प्रायॉरिटी हळूहळू वाढवत न्यायची, हे अभ्यासक्रमात आहेच.

निखिल_बॅच

मॅडम, वर्गासाठी मान्य. कामावर मी कमालच बघणार.

मृण्मयी_२

रेवतीताई, आता डोक्यात बसलं. रिस्पॉन्सचा रकाना आमच्या प्रश्नात विचारलेलाच नव्हता. अजून एक शंका आहे. माझ्या चारही ओळींत टर्नअराउंड आणि वेटिंगच्या सरासरीत बरोबर ४चाच फरक आहे. मग दोन्ही वेगवेगळे का विचारतात?

सुलभा_पाटणकर

तो ४ म्हणजे सरासरी बर्स्ट, १६ भागिले ४. प्रोसेस तेच असतील, मधे इनपुट-आउटपुट नसेल आणि स्विच फुकट धरला असेल तर फरक तोच राहणार. म्हणून सरासरीने लावलेला क्रम दोन्हींत सारखाच येतो. परीक्षेत याचा उपयोग ताळा म्हणून करायचा. फरक सरासरी बर्स्टएवढा आला नाही, तर कुठेतरी आगमनाची वेळ वजा करायची राहिलीय. बहुतेक वेळा तीच राहते.

शांभवी

मी शांतपणे वाचत होते. एक विचारू? हे सगळं कागदावरचं झालं. खऱ्या लिनक्सवर एखाद्या प्रोसेसचा वेटिंग टाइम बघता येतो का?

रेवती_के

येतो, आणि छान दिसतो. एकाच कोअरवर दोन रिकामी लूप सोड:

```
taskset -c 0 sh -c 'while :; do :; done' &
taskset -c 0 sh -c 'while :; do :; done' &
```

शेलने दिलेला पीआयडी घे आणि थोड्या वेळाने हे चालव:

```
cat /proc/PID/schedstat
```

तीन आकडे येतील. पहिला सीपीयूवर घालवलेला वेळ, दुसरा रांगेत थांबलेला वेळ, दोन्ही नॅनोसेकंदांत, आणि तिसरा किती वेळा सीपीयू मिळाला. त्या कोअरवर दुसरं काही नसेल तर पहिले दोन आकडे साधारण सारखे दिसतील. तिसरी लूप सोडलीस तर त्यानंतर थांबलेला वेळ चाललेल्या वेळाच्या दुप्पट गतीने वाढायला लागतो. झालं की `kill` करायला विसरू नकोस, नाहीतर विनायककाकांसारखी अवस्था होईल. :)

प्रोसेस डिस्कची किंवा नेटवर्कची वाट बघत झोपली असेल तर तो वेळ दुसऱ्या आकड्यात धरत नाहीत. गणितातला वेटिंग टाइम म्हणजे सीपीयू हवा असून न मिळालेला वेळ, तोच हा.

आणि साध्या प्रोसेससाठी लिनक्स आपल्या गणितातला राउंड रॉबिन वापरत नाही. २००७मध्ये २.६.२३ आवृत्तीत सीएफएस आला. तो प्रत्येकीने किती सीपीयू वापरला याची नोंद ठेवून सगळ्यात कमी वापरलेलीला पुढे घ्यायचा. २०२३मध्ये ६.६पासून त्याच्या जागी ईईव्हीडीएफ आहे, त्यात वाट्याबरोबर मुदतीचाही विचार होतो. रांगेतला राउंड रॉबिन रिअल-टाइमसाठी `SCHED_RR` या नावाने अजून आहे, मूळ क्वांटम १०० मिलिसेकंद.

शांभवी

केलं! दोन लूपांत आकडे जवळपास सारखे आले. तिसरी सोडल्यावर दुसरा आकडा पळायला लागला.

विनायक_जोगळेकर

रेवतीबाई, क्रम लावून बघितला. वर एक बॅकअपचं सॉफ्टवेअर होतं. वेगळा धागा काढलाय, तिथे या.

तेजस_एम

सुलभा मॅडम, एक राहिलं. पेपरात एसआरटीएफमध्ये नवीन आलेलीचा बर्स्ट आणि चालू असलेलीचा उरलेला वेळ सारखाच असेल तर चालू असलेलीला थांबवायचं का?

सुलभा_पाटणकर

मी थांबवत नाही. सरासरी दोन्हीकडे सारखीच येते आणि थांबवल्याने एक स्विच वाढतो. पण काही संचांत थांबवलेलं बघितलंय, त्यामुळे इथेही तीच वरची एक ओळ लिही.

मृण्मयी_२

उद्या बहुपातळी फीडबॅक क्यूचं गणित घेऊन येते. त्यात तीन क्यू आहेत, प्रत्येकाचा क्वांटम वेगळा, आणि वरून खाली ढकललेली प्रोसेस त्याच क्षणी आलेल्या नवीनसमोर कुठे उभी करायची, हे त्यांनीही लिहिलेलं नाही.